दुसऱ्या नंबरचा सौदा

आमच्या ग्रुपच्या लीडरने मला दुसरा नंबर देऊन फसवलं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे, ग्रुपवर लिहिलं आहे, आणि आता सविस्तर लिहितो आहे, कारण ग्रुपवर लिहिलेल्याला त्याने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. हात जोडणं म्हणजे उत्तर नव्हे.

मी चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या तांबड्या दगडाचा, धंदा करतो. सुरुवातीला दुसऱ्याच्या ट्रकवर चिरे चढवायचो, आज माझे ट्रक आहेत. मधल्या वर्षांत मी कोणाकडून फसलो नाही असं नाही, पण बोलणी करताना फसलो नाही. बोलणी हे माझं काम आहे. म्हणून ही गोष्ट इतकी लागली.

मोठी मोटरसायकल मी चार महिन्यांपूर्वी घेतली. त्याआधी पंचवीस वर्षं स्कूटर आणि ट्रक. ग्रुपमध्ये मला एका गिऱ्हाइकाने घेतलं. दर महिन्यातल्या एका रविवारी हे लोक मालवणातून निघतात, कुठेतरी नाश्ता करतात आणि परत येतात. लीडर ओरोसला सरकारी कचेरीत कारकून आहे. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. रांगेच्या शेवटी एक गॅरेजवाला असतो, त्याला मेस्त्री म्हणतात. बाकी कोणी बँकेतला, कोणी दुकानदार, कोणी आठवड्यापुरता मुंबईहून आलेला. कोणी दहा वर्षं चालवतो, कोणी दहा दिवस.

त्या रविवारी दहा दिवसवाली एक होती. आमच्या शेजारची मुलगी. ती शाळेत शिकवते, म्हणून तिला सगळे टीचर म्हणतात. तिने स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली आणि घरात वादळ उठलं. तिचे दोन्ही भाऊ गोव्यात, आई इथे. भावांनी फोनवर फोन करून आईला पटवलं होतं की ही गाडी विकायची. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. टीचर मला म्हणाली, "काका, एकदा ग्रुपबरोबर जाऊन नीट परत आले ना, तर आई गप्प बसेल."

मी तिच्या आईकडे गेलो. म्हातारी अंगणात कोकमं वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तू घेऊन जातंस, तर तूच हाडून सोड," ती म्हणाली. "जेवणाच्या आधी. नाय तर त्या गाडयेक गिऱ्हाईक आसा."

"माझो शब्द, मावशी. मी सगळ्यांच्या पुढे आसतलंय."

हा शब्द मी दिला. आता पुढे असणं मला भागच होतं.

शनिवारी मी भाऊसाहेबांना फोन केला. त्यांनी मला रांगेत पाचवा नंबर ठेवला होता. माझी पद्धत अशी की जे हवं ते आधी मागायचं नाही, त्याच्या वरचं मागायचं. मी म्हटलं, उद्या लीड मी करतो. ते हसले. मी म्हटलं, रस्ता माझ्या पायाखालचा आहे, या रस्त्याला माझा चिरा गेला नाही असं गाव नाही. ते म्हणाले, लीड म्हणजे रस्ता माहीत असणं नव्हे. मी जरा तापलो. तापल्यासारखं दाखवलं असंही म्हणता येईल. मग ते म्हणाले, "दुसरा नंबर देतो, शेठ."

मला तोच हवा होता. पण मी लगेच हो म्हटलं नाही.

"पक्का?"

"पक्का. पण माझ्या पुढे जायचं नाही. हाताच्या खुणा पाळायच्या. आणि नाश्ता मी सांगेन तिथे."

नाश्त्याला माझ्या माहितीची एक चांगली जागा होती. ती मी सोडली. पुढे जाणार नाही हे कबूल केलं. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, सौदा माझ्या बाजूने झाला. पाचव्यावरून दुसऱ्यावर आलो, आणि दिलं काय, तर पोहे कुठे खायचे ते. आता आठवतं की फोन ठेवताना ते फार लवकर कबूल झाले होते. समोरचा फार लवकर कबूल झाला की चिऱ्यात तडा असतो. हे मी इतरांना शिकवतो.

रविवारी सकाळी कोळंबच्या पुलाजवळ नऊ गाड्या जमल्या. भाऊसाहेबांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सूचना सुरू केल्या. माणूस कचेरीतला, त्यामुळे सूचना मुद्देसूद. रुंद रस्त्यावर आडव्यातिडव्या रांगेत चालायचं: पहिला आपल्या अर्ध्या रस्त्याच्या उजव्या बाजूला, दुसरा थोडा मागे डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे. बरोबरीने कोणीच नाही. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंद, सरळ पुढच्यापासून दोन सेकंद. म्हणजे रांग आखूड राहते आणि तरी खड्डा चुकवायला प्रत्येकाला जागा असते. वळणं आली, रस्ता अरुंद झाला, की हेल्मेटवर एक बोट: सगळे एकामागे एक. दोन बोटं: पुन्हा आडवेतिडवे. तळहात खाली करून हलवला की हळू. डावीकडे खड्डा असेल तर डाव्या हाताने दाखवायचा, उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर काढून, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर. मूठ उघडझाप केली की समजायचं, तुमचा इंडिकेटर चालू राहिला आहे.

इथपर्यंत मी ऐकलं. मग माझा फोन वाजला. आंगणेवाडीकडच्या एका बांधकामाचा माल अडला होता आणि समोरचा भाव पाडत होता. मी दहा पावलं बाजूला गेलो. भाव पडू दिला नाही. परत आलो तेव्हा सूचना संपल्या होत्या आणि लोक हेल्मेट घालत होते.

टीचर शेवटून दुसरी, मेस्त्रीच्या पुढे. मी भाऊसाहेबांना म्हटलं, नव्या माणसाला इतकं मागे का? पुढे घ्या, माझ्यामागे. ते म्हणाले, "एरवी नव्याला लीडच्या मागेच ठेवतो, शेठ. आज तशी पद्धत नाही. तिला रस्त्यात एकटं उभं करायचं नाही मला." मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. विचारायला हवा होता. पण ज्याने दुसरा नंबर मिळवला त्याने शंका विचारणं बरं दिसत नाही.

मी टीचरला अंगठा दाखवला. तिनेही दाखवला. तिचं हेल्मेट नवीन होतं, काचेवरचा प्लास्टिकचा कागदही तिने काढला नव्हता. मेस्त्रीने तो नखाने सोलून काढला आणि तिच्या खिशात घातला.

आम्ही निघालो. खरं सांगतो, तो अर्धा तास मला फार आवडला. पुढे एकच गाडी, उजवीकडे. आरशात मागची माणसं अशी मांडलेली की एकाच्या मागे दुसऱ्याचं हेल्मेट दिसावं. भाऊसाहेब एक बोट वर करायचे, मी एक बोट वर करायचो, आरशात ते बोट मागे मागे जाताना दिसायचं. आयुष्यात मी हात वर केला आणि सात माणसांनी ऐकलं असं पहिल्यांदाच होत होतं. माझे कामगारही इतकं ऐकत नाहीत. हळू जायचो आम्ही, चाळीस-पंचेचाळीस. मला वाटलं, भाऊसाहेब घाबरट आहेत. नंतर कळलं की पुढचा चाळीसने गेला तरी रांग ताणते, आणि शेवटच्याला गाठायला साठने यावं लागतं. पुढचा साठने गेला तर शेवटच्याचं काय होईल ते समजा. पुढे बसणाऱ्याला हे दिसत नाही. पुढे बसणाऱ्याला बरंच काही दिसत नाही.

आचरा मागे पडला. देवगडचा रस्ता धरला आणि थोड्या वेळाने एक तिठा आला. मोठा रस्ता सरळ जातो आणि डावीकडे एक बारीक रस्ता किनाऱ्याकडे उतरतो. भाऊसाहेबांच्या ओळखीची खानावळ त्या बाजूला होती. आमच्यापैकी कोणालाही ती माहीत नव्हती. त्यांनी वेग कमी केला, डावा हात लांब करून रस्त्याच्या कडेची एक जागा मला दाखवली, आणि स्वतः डावीकडे वळले. मी त्यांच्यामागे वळू लागलो. ते थांबले, मान वळवून म्हणाले, "नाही शेठ, तुम्ही इथे. डावा इंडिकेटर लावा आणि येणाऱ्याला हाताने दाखवा." आणि गेले.

मी उभा राहिलो. तिसरा आला, त्याला डावीकडे दाखवलं. तो अंगठा दाखवून गेला. चौथा, पाचवा, सहावा. सगळे अंगठा दाखवून गेले. चार माणसं माझ्या डोळ्यांसमोर माझ्या पुढे गेली, आणि जाताना जणू शाबासकी देऊन गेली. मग कोणी आलं नाही.

ट्रकमध्ये चिरे किती आहेत हे मी नुसतं बघून सांगतो. त्या दिवशी मी मोटरसायकली मोजल्या नाहीत. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: दुसरा नंबर म्हणजे हा. पाटीऐवजी माणूस. मला दुसरा नंबर दिला नव्हता, पहिल्या वळणावर उतरवायला पुढे बसवलं होतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. समोरून माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचा टेम्पो आला आणि थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"काय शेठ, ट्रॅफिक पोलिसात भरती झालास काय?"

"जा तू."

"नाय, शिटी दिसत नाय म्हणान विचारलंय."

तो हसत गेला. त्याचं हसणं मला वळणापर्यंत ऐकू येत होतं. मी किक नसलेल्या माझ्या गाडीला किक मारावी तशी एक लाथ मारली, बटण दाबलं आणि डावीकडे निघालो.

खानावळीपुढे पाच गाड्या लागल्या होत्या. मी उतरलो, हेल्मेट काढलं, आणि जे बोलायचं ते वाटेत तयार करून आणलं होतं. भाऊसाहेब माझ्याकडे आले, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होते.

"स्वीप कुठे आहे?"

"कोण?"

"मेस्त्री. शेवटचा. तो तुमच्यापर्यंत आला की त्याच्या पुढे लागून यायचं. तो आला?"

मी म्हटलं, माझ्या मागे कोणी नाही.

तेव्हाच त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"भाऊसाहेब, मी तिठ्यार पोचलंय," मेस्त्री म्हणाला. "बँकवाल्याचो टायर पंक्चर झाल्लो, स्ट्रिप घालून दिलंय. पण हय कोण नाय हा. खंय वळूचा? आणि टीचर पोचली मा थंय? तिका मी पुढे पाठवलंय. म्हटलंय, तिठ्यार काका उभे आसत."

खानावळीतली बाई पोहे घेऊन आली होती. ती थाळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मला त्या क्षणी काय झालं ते लिहिणं सोपं नाही. मी रागावणारा माणूस आहे आणि राग कोणावर काढायचा हे मला नेहमी माहीत असतं. त्या दिवशी समोर पाच माणसं होती आणि एकही कामाची नव्हती. टीचरला फोन लावला, वाजत राहिला. चालवताना फोन घ्यायचा नाही, ही सूचना तिने ऐकली होती. माझ्यासारखी नव्हती ती.

मी हेल्मेट घातलं. म्हटलं, मी जातो सरळ, देवगडपर्यंत जातो, आणि तिला घेऊन येतो. भाऊसाहेबांनी माझ्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"सरळ मेस्त्री जाईल. बाकीचे इथून हलणार नाहीत. सगळे सगळीकडे शोधायला गेले की नऊ माणसं नऊ ठिकाणी होतात."

"मग मी काय करू?"

"तुम्ही होता तिथेच जाऊन उभे राहा, शेठ."

आवाज चढवला नाही त्यांनी. कारकून माणूस, कागद परत पाठवताना बोलतात तसं बोलले. मी गेलो. बँकवाला तिथे थांबला होता, त्याला मी खानावळीकडे पाठवलं. मेस्त्री सरळ निघून गेला होता. मी त्याच जागी गाडी लावली, डावा इंडिकेटर लावला, आणि उभा राहिलो.

पन्नास मिनिटं उभा होतो. घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की मिनिटं ओळखीची झाली. देवगडकडून येणारी प्रत्येक मोटरसायकल मला तिचीच वाटायची. रस्त्यात म्हशी, ट्रक, एस.टी., वळणं. तिच्या आईने मान वर न करता जे सांगितलं होतं ते आठवत होतं. टेम्पोवाला रिकामा टेम्पो घेऊन परत आला. या वेळी त्याने काच खाली केली, माझं तोंड पाहिलं, आणि काच वर करून गेला.

साडेदहाच्या सुमाराला वळणावर एक हेल्मेट दिसलं. काच चकचकीत, नवी. उजवीकडे रस्त्याच्या मधोमध नाही, अगदी आपल्या बाजूला, बेताच्या वेगात. तिच्यामागे थोड्या अंतरावर मेस्त्री, शेवटी, जिथे असायला हवा तिथे. तिने मला पाहिलं आणि डावा हात वर केला. मला वाटलं, नमस्कार करते आहे. ती मूठ उघडझाप करत होती.

जवळ येऊन थांबली, काच वर केली.

"काका, इंडिकेटर चालू रवलो तुमचो."

"तो लावायचाच असता गो," मी म्हटलं. "उभ्या माणसान." तेवढं मी एव्हाना शिकलो होतो.

मेस्त्री मागून म्हणाला, "माका ती वाटेतच गावली. मी शोधूक जाई, ही परत येई."

"तू सरळ कशाक गेलंस?" मी तिला विचारलं. सुटका झाली की माझा राग आधी बाहेर पडतो.

"भाऊसाहेबांनी सांगितलेलां," ती म्हणाली. "तिठ्यार माणूस नाय तर सरळ जायचा. नाय होतो, तर मी सरळ गेलंय. कुणकेश्वरपर्यंत कोणच दिसाक नाय. मग दुसरा सांगितलेलां, बरोच वेळ कोण दिसलो नाय तर शेवटचो माणूस दिसलो थंय परत या. म्हणान परत इलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकूक नाय?"

मी म्हटलं, फोन होता.

परतताना भाऊसाहेबांनी रांग बदलली. परतीची वाट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कोणाला उभं करायचं नव्हतं. टीचर लीडच्या मागे, दुसऱ्या नंबरवर. मी मेस्त्रीच्या पुढे, शेवटून दुसरा. तिथून मला ती आडवीतिडवी रांग अख्खी दिसत होती, आणि रांगेच्या पुढच्या टोकाला तिचं बोट वर जाताना दिसत होतं. ते बोट पाच माणसांतून माझ्यापर्यंत आलं की मीही वर करायचो. आचऱ्यानंतर मला दोनदा साठने धावावं लागलं.

घरी पोचायला पावणेएक झाला. तिची आई फाटकात उभी होती. जेवण व्हायचं होतं. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"काय झाला?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी टीचर म्हणाली, "काय नाय. वळणार काका उभे होते."

हे खरं होतं. दोनदा उभा होतो. मधल्या गोष्टीबद्दल ती बोलली नाही. म्हातारीने मला आत बोलावलं आणि सोलकढी दिली. पुढच्या आठवड्यात भावांचं गिऱ्हाईक आलं तेव्हा गाडी विकायची नाही असं तिनेच सांगितलं. म्हणजे मी त्या मुलीचा देणेकरी झालो, आणि देणं असं की ते फेडायला ती कधी मागणारही नाही. मला असली देणी सहन होत नाहीत.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी ग्रुपवर नियमांचं पान टाकलं. त्यात एक ओळ होती: वळणावर थांबवलेल्याने स्वीप दिसेपर्यंत जागा सोडू नये. त्याखाली सात अंगठे आले. एक टीचरचा. आठवा मी दिला नाही. मी लिहिलं, ही ओळ शनिवारी फोनवर का सांगितली नाहीत? त्यांनी लिहिलं, रविवारी सगळ्यांसमोर सांगितली, शेठ, तुम्ही फोनवर होता. मी लिहिलं, सौदा शनिवारी झाला. त्यावर ते हात जोडलेलं चित्र.

माझं म्हणणं साधं आहे. मी जागा सोडली, ती चूक माझी. ती मी मान्य करतो. पण मी त्यांच्याकडे दुसरा नंबर मागितला तेव्हा दुसरा नंबर म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं. तडा गेलेला चिरा मीही विकला आहे, नाही म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाने त्यावरून हात फिरवल्यावर. भाऊसाहेबांनी मला हात फिरवू दिला नाही. उलट, त्या चिऱ्याच्या बदल्यात माझ्याकडून दोन अटी आणि एक नाश्ता घेतला.

म्हणून भाऊसाहेब, पुढच्या रविवारी कोळंबच्या पुलाजवळ, सूचना सुरू करायच्या आधी, सगळे गोलात उभे असताना तुम्ही एवढंच सांगा: शनिवारी फोनवर तुम्ही हसलात ते कशाला? त्या वेळी माझा फोन बंद असेल. माझ्या वाट्याचं उत्तर मी त्या तिठ्यावर पन्नास मिनिटं उभं राहून दिलं आहे. तुमच्या वाट्याचं राहिलं आहे.